मदत हवी आहे : मेडुलरी स्पंज किडनी की नेफ्रोकॅल्सिनोसिस?

माझ्या धाकट्या भावाला वारंवार मुतखडे होतात. सोलापुरात केलेल्या साध्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही मूत्रपिंडांच्या आतल्या भागात, म्हणजे मेडुलात, बारीक कॅल्शियमचे पुंजके दिसले असून अहवालात ‘नेफ्रोकॅल्सिनोसिस, स्पंज किडनीची शक्यता’ असे लिहिले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे पहिला शब्द कॅल्शियम साचल्याचे सांगतो, कारण नव्हे. तर स्पंज किडनीत रुंदावलेल्या नलिकांत लघवी साचून तिथेच खडे धरतात, पण हे रुंदावणे साध्या सीटीत नीट दिसत नाही. रक्तातील कॅल्शियम सामान्य, मात्र बायकार्बोनेट १८ आणि लघवीचा पीएच ७ आहे. मग रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिससाठी २४ तासांच्या लघवीतील सायट्रेट व कॅल्शियम आधी तपासावे, की कॉन्ट्रास्ट देऊन सीटी युरोग्राफी? जाणकारांनी कृपया सांगावे.