निजानीज म्हणजे नक्की कधी? (गोष्टींच्या अ‍ॅपचं नाव)

चकली: मी आणि नवरा मिळून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रात्री ऐकायच्या गोष्टींचं छोटं अ‍ॅप करतोय. पंधराएक गोष्टी रेकॉर्ड झाल्या, नाव काही सुचेना, शेवटी 'निजानीज'वर एकमत झालं. आजी म्हणायची ना, सगळीकडे निजानीज झाली, आता तूपण नीज, ते डोक्यात होतं. तर काल सासूबाई म्हणाल्या, अगं निजानीज म्हणजे सगळे झोपून गेल्यावरची वेळ, तेव्हा गोष्ट कोण कोणाला सांगतंय, तेव्हा चोर येतात! आता मला तेवढंच ऐकू येतंय. खरंच असं आहे का?

जुनाट: सासूबाई बरोबर. 'निजानीज झाल्यावर तो मागच्या दाराने निघाला' असंच वाक्य डोळ्यांपुढे येतं. पण शब्दाची घडण बघा, पळापळ, रडारड, धावाधाव यांच्यासारखी आहे, म्हणजे सगळ्यांनी एकदम करायची क्रिया. आमच्याकडे 'निजानीज चालली होती' असंही म्हणायचे, म्हणजे अंथरुणं पडतायत, कोणी पाणी मागतंय, कोणी दिवा मालवतंय. तुमची गोष्ट तिथे बसते. 'झाली' म्हटलं की मात्र चोर.

मंजूताई: मुलगी झाली का? अभिनंदन! 'निजा' वेगळं नाव आहे पण शाळेत चिडवतील हो.

चकली: अहो बाळाचं नाही, अ‍ॅपचं नाव 😄

शुद्धलेखक: आधी ठरवा की नीज दीर्घ की ऱ्हस्व. नीज दीर्घ, पण विभक्ती लागली की निजेला, निजेची. समासात पहिलं पद कायम ऱ्हस्व होतं हा नियम आहे, म्हणून निजगोष्टी, निजानीज.

जुनाट: कायम? मग दूधभात काय दुधभात लिहिता? आणि फुलपाखरू मात्र ऱ्हस्व. इतकं सरळ नाहीये ते. शिवाय निजानीज समास नाही, अभ्यस्त शब्द आहे.

शुद्धलेखक: दूधभात अपवाद.

जुनाट: मीठभाकर पण अपवाद का?

चकली: भांडा तुम्ही, पण आमचा खरा घोळ वेगळाच झालाय. गोष्टी वाचणाऱ्या ताई लहानपणापासून इंदूरला, मराठी छान आहे, पण सुरुवातीच्या वाक्यात 'आता नीज' मधला ज त्यांनी 'जय'मधल्यासारखा म्हटला. आपला ज जावयातला. ऐकून माझी चार वर्षांची म्हणते, आई नीज म्हणजे काय गं? झोप म्हटल्यावर कळलं तिला. लिहून दिलं तर फरक दिसतच नाही, मग मी फोनवर चार वेळा म्हणून दाखवलं आणि ते वाक्य परत रेकॉर्ड केलं.

जुनाट: हाच तो मुद्दा. 'जय'वाल्या ज चा 'निज' म्हणजे स्वतःचा, संस्कृतातून आलेला. निजधामाला गेले म्हणतात त्यातला! मुलांच्या अ‍ॅपवर कोणी तो ज लावून वाचू नये म्हणजे झालं.

न्यूजर्सीकर: माझ्या सहा वर्षांच्या मुलाला झोप कळतं, नीज अजिबात नाही. आमच्या घरी कोणी वापरतच नाही तर त्याला कुठून कळणार. आणि आजी-आजोबा सोडून सगळे रोमनमध्ये सर्च करणार, ते nijanij टाइप करतील की nizaniz? सरळ 'झोपेच्या गोष्टी' ठेवा.

चकली: रोमनचं ध्यानातच आलं नव्हतं. आणि प्ले स्टोअरला नावाला तीस कॅरॅक्टर मिळतात. 'निजानीज: झोपताना ऐकायच्या गोष्टी' टाकून बघितलं तर बसेना. डोळ्यांना चौदा अक्षरं दिसतात, पण काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळं सुटं मोजलं जातं, बत्तीस झाले. आता 'ऐकायच्या' काढते, तेवीसमध्ये बसतं.

शुद्धलेखक: 'ऐकायच्या' काढलं तर 'झोपताना गोष्टी' उरतं. झोपताना गोष्टी काय करतात? क्रियापद कुठंय?

रत्नांग्रीचा: आमच्याकडे अजून निजतातच लोक, 'झोपला' म्हणजे धंदा झोपला 😂 शब्द जिवंत आहे हो, पुण्यात नसेल. मुलांना कळत नाही म्हणून टाकून दिला तर त्यांना कळणार कधी?

न्यूजर्सीकर: अ‍ॅपने भाषा वाचवायची की पोराला झोपवायचं?

मंजूताई: अंगाई ठेवा ना.

जुनाट: अंगाई गाणं आहे, गोष्ट नाही. पाळणा म्हटलं तर बारसं आठवतं.

मंजूताई: मग गाई-गाई? आमची आई बाळ दमलं की म्हणायची गाई आली, गाई आली. गायी संध्याकाळी परत येतात ना, म्हणून झोप येणं म्हणजे गाई येणं.

जुनाट: ही व्युत्पत्ती सुंदर आहे म्हणूनच मला तिच्यावर भरवसा नाही. लहान मुलांचे शब्द असे दुहेरीच असतात, मम्मं, भूभू, जोजो. गायीची काय गरज?

रत्नांग्रीचा: गोष्ट मात्र गायीपासूनच, गोष्ठ म्हणजे गोठा. गोठ्यापाशी लोक जमून बोलायचे ती गोष्ठी.

जुनाट: हे मात्र बरोबर.

मंजूताई: म्हणजे गाय आहेच की शेवटी!

चकली: सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं. त्या म्हणाल्या, 'चालली होती' वगैरे त्यांनी कधी ऐकलं नाही. आणि गाई-गाई म्हटलं तर पोरगी उठून बसते, गाय कुठंय म्हणून.