मदत हवी आहे: खरजेचं स्क्रेपिंग सहाही मुलांचं निगेटिव्ह, चुकतंय कुठे?

स्लाइडवाला: नमस्कार. डीएमएलटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये. परवा एका वसतिगृहातली सहा मुलं आली, रात्र-रात्र खाजवून हैराण. डॉक्टर म्हणतात खरूजच. मी प्रत्येकाच्या पोटावरची लाल पुळी खरवडून केओएचमध्ये पाहिली. किडा नाही, अंडं नाही. अंगभर पुळ्या आणि किडा एकही नाही, असं कसं?

गणपतराव: नायट्याला करतो तसं केओएचमध्ये जास्त वेळ ठेव, स्लाइड जरा गरम कर. कातडी विरघळली की आपोआप दिसतील.

मीनल_त्वचा: गणपतराव, नायट्याच्या बुरशीला ते ठीक. पण केओएच किड्याच्या विष्ठेच्या गोळ्याही विरघळवतो, म्हणजे हातातला पुरावा गेला.

खरी चूक जागेची आहे. खाज आणि बऱ्याचशा पुळ्या ही अंगाची अ‍ॅलर्जी. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर ती उठायलाच चार ते सहा आठवडे लागतात. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर माद्या असतात जेमतेम १०-१५. मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात आडवी पोखरत जाते आणि मागे रोज दोन-तीन अंडी टाकते. म्हणून पुळी सोड, बीळ शोध: बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, राखाडी, नागमोडी, काही मिलिमीटरची रेघ. एका टोकाला बारीक ठिपका दिसला तर मादी तिथे. रेघ दिसत नसेल तर पेनाची शाई चोळ आणि स्पिरिटने पूस, बिळात शाई उरते.

मग त्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब टाकून ब्लेडने अलगद खरवड. रक्त वाहिलं तर फार खोल गेलास. तेलात किडा जिवंत राहतो, पाय हलवताना सापडतो. १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली, प्रकाश कमी करून बघ. अंडं, रिकामं टरफल किंवा विष्ठेची गोळी मिळाली तरी पुरे.

सुलभाताई: आमच्या कुत्र्याला खरूज आहे, माझे हात खाजतात. मीही तपासून घेऊ का?

मीनल_त्वचा: ताई, कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर पिढी वाढवत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की सहसा थांबतं. तरी डॉक्टरांना हात दाखवा, आणि घरात अजून कोणी खाजवतंय का तेही सांगा.

स्लाइडवाला: मीनलताई, आज दोघांची बिळं सापडली. एकाच्या बेचक्यातून दोन अंडी आणि तपकिरी गोळ्या निघाल्या, मादी मात्र निसटली. दुसऱ्याच्या रेघेत काहीच नाही. बाकी चौघांनी इतकं खाजवलंय की रेघ शिल्लकच नाही. डॉक्टरांनी सहाही जणांना आणि खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी परमेथ्रिन लावायला सांगितलं. आता त्या पाच जणांच्या रिपोर्टवर काय लिहू?

गणपतराव: निगेटिव्ह. दिसलं नाही ते नाही.

मीनल_त्वचा: मी तरी ‘या नमुन्यात आढळले नाही’ असं लिहीन आणि कुठून किती जागा खरवडल्या तेही नोंदवीन. पण लॅबचा छापील फॉर्म ते लिहू देतो का?

स्लाइडवाला: फॉर्मवर दोनच चौकटी आहेत. उद्या इन्चार्जना विचारतो.