उत्तर: शब्द ठोक्यावर बसवताना

> «माझ्याच गाण्याची क्लिप आहे, ९६ बीपीएम, व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा. पडद्यावर पहिल्या ओळी ठोक्यावर पडतात, पण शेवटी शेवटी शब्द उशिरा येतात. असं का?»

शब्द आधी बरोबर आणि मग हळूहळू मागे, म्हणजे चूक सुरुवातीच्या जागेत नाही, बेरजेत आहे. ९६ च्या लयीत एक ठोका ०.६२५ सेकंदाचा, म्हणजे १८.७५ फ्रेमचा. तुम्ही बहुधा प्रत्येक शब्द आधीच्या शब्दापासून १९ फ्रेम पुढे सरकवत गेलात. दर ठोक्याला पाव फ्रेम जास्त गेली. ६४ ठोक्यांनंतर ती १६ फ्रेम होते, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्तच.

म्हणून शब्दाची जागा मागच्या शब्दावरून काढू नका, पहिल्या ठोक्यावरून काढा: पहिला ठोका शून्य धरून ठोक्याचा क्रमांक गुणिले १८.७५, आणि मग जवळची फ्रेम. १९, ३८, ५६, ७५ असं येईल. अंतरं असमान दिसतात, पण चूक अर्ध्या फ्रेमच्या पुढे कधीच जात नाही.

आता खरी गंमत. गायक ठोक्यावर बहुतेकदा स्वर टेकवतो, व्यंजन नाही. ‘स्वप्न’मधला स् ठोक्याच्या आधीच ऐकू येतो, त्यामुळे अक्षरं बरोबर ठोक्यावर आली तरी उशीर वाटतो. असे शब्द मी दोनेक फ्रेम आधी आणतो. ‘आई’सारख्या स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दाला हात लावत नाही.

हे सगळं क्लिकवर रेकॉर्ड केलेल्या गाण्याला लागू. मोकळ्या लयीत गायलं असेल तर गणित सोडा, वेव्हफॉर्म पाहून एकेक शब्द हातानंच लावावा लागतो.