लिफ्टमध्ये वजन खरंच बदलतं का?

वाटसरू: वर जाताना वजन वाढतं आणि खाली येताना कमी होतं, असं मी म्हणतो. भाऊ म्हणतो, सगळा भास आहे. बरोबर कोण?

भोचक: तुम्हीच. वर जाताना लिफ्ट पायांना ढकलते, खाली येताना पायाखालून सरकते. यात वाद कसला?

काटकोन: वाद आहे ना. लिफ्ट वर चाललीय की खाली, ते सोडा, तिचा वेग बदलतोय का ते बघा. 60 किलोचा माणूस सुईच्या काट्यावर उभा आहे आणि लिफ्टचा वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रतिसेकंदाने वाढतोय असं धरा. वर निघताना सुई 66 च्या आसपास जाईल, पण क्षणभरच. वेग स्थिरावला की पुन्हा 60, मग लिफ्ट कितीही सुसाट असो. वरच्या मजल्याशी वेग कमी होऊ लागला की सुई 54 वर. म्हणजे वर जातानाच वजन घटलं! खाली येताना उलट: निघताना 54, थांबताना 66.

पायरी: तरीच! माझा गुडघा खाली उतरताना, लिफ्ट थांबायच्या वेळीच कळ मारतो. बाकी मी डिजिटल काटा घेऊन प्रयोग केला, आकडा ढिम्म हलला नाही.

काटकोन: बरेच डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की तोच धरून ठेवतात. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी उभ्या राहिलात तर जुनाच आकडा दिसत राहणार. सुईवाला घ्या.

भोचक: बरं, दोर तुटला तर? गुरुत्वाकर्षणच संपलं, वजन शून्य.

काटकोन: संपलं असतं तर लिफ्ट पडली कशाला असती? माणूस आणि काटा दोघंही एकाच त्वरणाने, 9.8 ने पडतायत, म्हणून पाय काट्याला दाबत नाहीत आणि सुई शून्यावर येते. अंतराळ स्थानकाचंही तेच. 400 किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असते, तरी आतले लोक तरंगतात. (खऱ्या लिफ्टला एकाहून जास्त दोर असतात, शिवाय वेग हाताबाहेर गेला की रूळ पकडणारे ब्रेक. घाबरू नका.)

वाटसरू: म्हणजे ओढ तीच, फक्त काट्यावरचा दाब बदलला. मग भाऊच बरोबर की!

काटकोन: भास कसा? सुईला भास होत नाही आणि गुडघ्यालाही नाही.

तागडीवाला: स्प्रिंगचा काटा टाकून द्या. दोन पारड्यांचा तराजू न्या. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात 60 किलोची मापं. लिफ्ट निघो की थांबो, काटा मधोमध. वजन बदललंच नाही.

काटकोन: मापंही तितकीच जड झाली, म्हणून. मुक्त पतनात तर एका पारड्यात 60 किलो आणि दुसऱ्यात 10 किलो ठेवलं तरी तराजू झुकणार नाही. तेव्हा काय म्हणाल, दोन्ही सारखी?

तागडीवाला: तेव्हा तराजू निकामी झाला म्हणेन. वजन आहे तिथेच आहे.