मदत हवी आहे: ग्राफमधला एकही आकडा सोडला नाही, तरी रायटिंगला ५.५ कसे?

विश्रामबाग_एक्सप्रेस
काल निकाल लागला. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ६.५ आणि रायटिंग ५.५! मला ६.५ पाहिजेत. ग्राफ एकदम सोपा आला होता, त्यातला आकडा न् आकडा बरोबर लिहिला. मग मार्क कशाचे कापले? फेरतपासणीला पैसे भरू का? जरा लवकर सांगा, अर्जाची मुदत संपत आलीय.

मिरज_जंक्शन
आधी परीक्षा कुठली ते तरी सांग. आयईएलटीएस का टोफेल?

तासगावची_द्राक्षं
माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. त्यानं मित्राला लिहायच्या पत्रात 'रिस्पेक्टेड सर' घातलं होतं. पत्राचा सूर चुकला की मार्क जातातच.

मिरज_जंक्शन
दादा, ते जनरलला. अकॅडमिकला पत्र नसतंच.

विश्रामबाग_एक्सप्रेस
आयईएलटीएस अकॅडमिक हो. ग्राफ म्हटल्यावर तेच असणार ना!

कराडची_बाई
तू लिहिलेलं बघितल्याशिवाय काय सांगणार? परीक्षेतलं बाहेर आणता येत नाही हे माहीत आहे. सरावातलं काही असेल तर टाक.

विश्रामबाग_एक्सप्रेस
आदल्या आठवड्यात क्लासमध्ये असाच एक लिहिला होता. एका शहरात लोक कामाला कशाने जातात, १९८० ते २०२०, टक्क्यांत. बस ४८, ४५, ३८, ३०, २६. कार २०, २७, ३६, ४४, ५०. सायकल २२, १८, १४, १२, १५. मी असं लिहिलं: '१९८० मध्ये बस ४८ टक्के होती. १९९० मध्ये बस ४५ टक्के होती. २००० मध्ये…' मग कार, मग सायकल. शेवटी 'अशा प्रकारे ग्राफमध्ये तीन वाहनांची माहिती दिली आहे.' २३० शब्द झाले. क्लासच्या सरांनी 'गुड' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. काही सुटता कामा नये, असं तेच सांगायचे.

हळदीचा_सौदा
भावा, शब्द लई साधे आहेत तुझे. 'होती, होती' काय लावलंय? बस 'प्लमेटेड', कार 'स्कायरॉकेटेड' असं पाहिजे. मला ७ पडले होते. आणि आकडे लिहायचेच नाहीत, ते ग्राफमध्ये परीक्षकाला दिसतातच की. नुसता ट्रेंड सांगायचा.

कराडची_बाई
अर्धं बरोबर आहे तुमचं. आकडे अजिबात नसतील तरी मार्क जातात, कारण मग ट्रेंडला आधार राहत नाही. आणि चाळीस वर्षांत ४८ वरून २६ वर आलेली बस 'प्लमेट' होत नाही. कडा कोसळल्यासारखं एकदम खाली आलं तर तो शब्द. ही बस सावकाश उतरलीय.

विश्रामबाग, प्रश्नातच लिहिलेलं असतं की मुख्य गोष्टी निवडून सारांश लिहा आणि गरज असेल तिथे तुलना करा. तू निवडलं काहीच नाहीस. पंधरा आकडे ओळीनं उतरवलेस. बँडचे निकष जाहीर आहेत. त्यात ५ च्या पायरीवर जवळपास हेच वर्णन आहे: तपशील यांत्रिकपणे मांडलेला, स्पष्ट ओव्हरव्ह्यू नाही. तुझं शेवटचं वाक्य ओव्हरव्ह्यू नव्हे. ते कुठल्याही ग्राफखाली चिकटवता येईल, त्यावरूनच ओळखायचं.

गणपती_पेठ
मी शेवटी बस का कमी झाली त्याची कारणं लिहायचो. रस्ते, पगारवाढ वगैरे. त्यानं उत्तर भरीव वाटतं.

कराडची_बाई
ते करू नका. कारणं ग्राफमध्ये नाहीत, ती टास्क २ मध्ये.

कृष्णाकाठ
मला इंग्रजीतलं कळत नाही, पण पुरात पुण्याहून भावाचा फोन आला की मी आयर्विन पुलाचं तासातासाचं रीडिंग वाचून दाखवत नाही. 'काल रात्रीपासून चढतंय, ४० ओलांडलं, अजून थांबलेलं नाही' एवढंच सांगतो. ४५ ला धोका, हे त्याला ठाऊक असतं. तसंच का हे?

कराडची_बाई
अगदी तसंच. 'चढतंय, थांबलेलं नाही' हा ओव्हरव्ह्यू आणि ४० हा निवडलेला आकडा.

हळदीचा_सौदा
२०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमची पोती दुसऱ्या मजल्यावर होती म्हणून वाचली.

कृष्णाकाठ
आमच्या गल्लीत होडी आली होती राव.

मिरज_जंक्शन
पुराचा वेगळा धागा काढा. विश्रामबाग, तोच ग्राफ परत लिहून दाखव. आधी फक्त ओव्हरव्ह्यू, एकही आकडा न घालता.

विश्रामबाग_एक्सप्रेस
हे बघा: 'एकंदरीत बसचा वापर कमी झाला तर कारचा वाढला. सायकल मात्र कायम सगळ्यात खाली राहिली.' मराठीत लिहिलंय, इंग्रजी जमेल.

कराडची_बाई
पहिलं वाक्य चांगलं. दुसरं चुकलं. १९८० बघ परत.

विश्रामबाग_एक्सप्रेस
अरे हो. तेव्हा सायकल २२ आणि कार २०. कारच तळाला होती!

कराडची_बाई
हीच या ग्राफमधली गंमत. तळाची कार वर गेली आणि वरच्या बसला मागं टाकून बसली. सायकल थोडी घटली, शेवटी किंचित सावरली. आता पहिल्या परिच्छेदात बस आणि कार एकत्र घे. सुरुवात ४८ आणि २०, शेवट २६ आणि ५०. मध्ये एकच जागा दाखवायची: २००० ला ३८ आणि ३६, म्हणजे जवळजवळ खांद्याला खांदा, त्यानंतर कार पुढे. दुसऱ्या परिच्छेदात सायकल: २२ वरून २०१० ला १२, मग १५. पंधरातले नऊ आकडे वापरले, पण प्रत्येक आकडा काहीतरी दाखवायला आलाय. १९९० चा एकही घेतला नाही, काही बिघडलं नाही. १७० शब्दांत बसतं हे सगळं.

मिरज_जंक्शन
ओव्हरव्ह्यू प्रस्तावनेनंतर लगेच टाक. शेवटी ठेवलास आणि वेळ संपली तर गेलाच तो.

गणपती_पेठ
आमच्या वेळी शेवटीच शिकवायचे. मला ६.५ मिळाले होते.

कराडची_बाई
दोन्ही चालतं. पण वेळेवरून आठवलं. विश्रामबाग, २३० शब्द लिहायला किती मिनिटं गेली?

विश्रामबाग_एक्सप्रेस
परीक्षेत ना? एकतीस-बत्तीस. आकडे परत तपासले ना. त्यामुळे निबंधाचा शेवटचा परिच्छेद अर्धवट राहिला.

मिरज_जंक्शन
आणि हे तू आत्ता सांगतोस!

कराडची_बाई
एका तासात दोन्ही, त्यातली ग्राफला २० मिनिटं. टास्क २ चं वजन दुप्पट. तुझे ५.५ नक्की कुठे गेले हे कुणीच सांगू शकणार नाही, निकालात दोन्ही टास्कचे बँड वेगळे देत नाहीत. पण ग्राफच्या आकड्यांनी तुझी निबंधाची मिनिटंही खाल्ली, एवढं दिसतंय.

हळदीचा_सौदा
तरी फेरतपासणी टाक. बँड बदलला तर फी परत देतात.

मिरज_जंक्शन
अर्धवट निबंध परत तपासून पुरा होतो का? त्यापेक्षा एकाच विषयाची परीक्षा परत देता येते, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत. फक्त तुझं विद्यापीठ तो निकाल धरतं का, हे आधी विचार.

विश्रामबाग_एक्सप्रेस
विद्यापीठाला मेल टाकलाय. क्लासमध्ये कालचा बार चार्ट दिलाय, सहा देश, दोन वर्षं. बारा आकडे. आज त्यातले किती सोडायचे ते बघतो, रात्री इथे टाकतो.

तासगावची_द्राक्षं
मेव्हण्याचं पत्र हवं असेल तर पाठवतो.