मदत हवी आहे: मेलच्या साखळीतून मला वगळलंय, कसं विचारू?

आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल मी खजिनदार म्हणून ठेकेदाराशी मेलवर बोलत होतो. 'उद्या माणूस पाठवतो साहेब' अशी मोकळी भाषा होती. मी सेक्रेटरी काकांना CC मध्ये घेतलं आणि ठेकेदाराचा सूरच बदलला. 'आपल्या चर्चेनुसार' वगैरे सुरू झालं, माझ्या प्रश्नांची उत्तरंही काकांना उद्देशून येऊ लागली. इथवर ठीक, हुद्द्याला मान असतोच.

पण परवा ठेकेदाराचा मेल आला. त्याच्या तळाशी, जुना मजकूर ज्या तीन टिंबांमागे दडलेला असतो तिथे, दरवाढीला काकांनी दिलेला होकार दिसला. तो मेल मला आलेलाच नाही. Spam, All Mail, फिल्टर, सगळं तपासलं. मी स्वतः नेहमी Reply all करतो.

Reply all ऐवजी चुकून Reply दाबलं गेलं की मुद्दाम वगळलं, हे मेलवरून कळत नाही. काका शेजारीच राहतात, वयाने मोठे आहेत, त्यामुळे आरोप करायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर विषय नेऊ शकत नाही, ऑडिटसाठी दराची मंजुरी मेलवरच हवी. बिलावर सही माझीही लागते.

तळाच्या मजकुराचा उल्लेख करून त्याच साखळीत ठेकेदारासमोर विचारू, की आधी फक्त काकांना वेगळा मेल करू? आणि पहिलं वाक्य नेमकं काय लिहू?