मदत हवी आहे: लांबट चेहऱ्यासाठी गॉगलचा आकार आणि काचेची छटा

माझा चेहरा लांबट असून कानशिलांपाशी त्याची रुंदी साधारण 132 मिमी आहे, आणि बाहुल्यांमधील अंतर 60 मिमी आहे. सध्याच्या गॉगलच्या दांडीवर 54-18 असे आकडे आहेत, म्हणजे एका काचेची रुंदी 54 मिमी आणि नाकावरील दोन काचांमधले अंतर 18 मिमी. त्यामुळे दोन्ही काचांच्या मध्यबिंदूंमधील अंतर 72 मिमी होते आणि प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून 6 मिमी नाकाकडे सरकलेला दिसतो. काच गडद असताना हे लपत होते, परंतु वरून गडद व खाली फिकट होत जाणारी तपकिरी काच घेतल्यापासून डोळे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. शिवाय फिकट भाग नेमका डोळ्यांखालच्या काळसर वर्तुळांवर येतो, आणि तपकिरी छटेमुळे ती अधिकच थकलेली भासतात (निदान मला तरी).

48-20 मापाची, उंच काचांची फ्रेम घेतल्यास हा फरक 4 मिमीवर येईल आणि चेहऱ्याची लांबीही थोडी तुटेल, असा माझा हिशेब आहे. मात्र तिची एकूण रुंदी कानशिलांना पुरेल का? तसेच डोळे किंचित दिसावेत, पण वर्तुळे उठून दिसू नयेत, यासाठी एकसारखी करडी, मध्यम गडद काच योग्य ठरेल का? अनुभवींनी कृपया सांगावे.